पानाचा फोटो आणि खाली फक्त “हे?”

रात्री साडेदहाला फोनवर फोटो येतो. पांढऱ्या टेबलावर ठेवलेलं एकच पान, कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचं टोक आणि खाली एक शब्द: “हे?” कधी “बघा ना”, कधी “काय वाटतं?”, आणि तरुण मंडळींकडून नुसतंच “थॉट्स?”. मी रोपवाटिकेत काम करते, त्यामुळे असे फोटो मला रोज येतात. तुम्हाला झाडांची थोडी माहिती आहे एवढं चार लोकांना कळलं, की तुमच्याकडेही ते येऊ लागतात. अशा निरोपामागचा खरा प्रश्न कसा शोधायचा, ते या लेखात सांगते.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. एकाच पानाच्या फोटोखाली तोच एक शब्द लिहून पाच जण पाच वेगळ्या गोष्टी विचारत असतात. एकाला झाडाचं नाव हवं असतं. दुसऱ्याच्या पानावर डाग पडलेले असतात आणि त्याला रोग कोणता ते हवं असतं. तिसरीला रोगाच्या नावाशी काही देणंघेणं नसतं, शेजारच्या कुंड्या उचलून बाजूला ठेवू का एवढंच तिला ठरवायचं असतं. चौथ्याच्या मांजरानं ते पान चावलेलं असतं. आणि पाचव्याला नवं पान उलगडलं याचा आनंद झालेला असतो, त्याला उत्तर नकोच असतं, कुणीतरी “वा” म्हणायला हवं असतं.

माणसं असं का लिहितात, हे समजून घेतलं की चिडचिड कमी होते. फोटो काढणारा झाडासमोर उभा असतो. कुंडी कुठे आहे, पिवळेपणा कधी सुरू झाला, काल पाणी घातलं की नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. फोटो काढताना त्याला वाटतं की तेही फोटोत आलं. शिवाय डागाला काय म्हणतात, शिरांमधल्या भागाला काय म्हणतात, हे शब्द त्याच्याजवळ नसतात. म्हणून तो बोट दाखवावं तसा एक शब्द लिहितो. समोर असता तर खरंच बोट दाखवलं असतं आणि तुम्ही सहज दोन गोष्टी विचारल्या असत्या.

तातडीचं आधी

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. एका बाईंनी रुंद, पांढरट ठिपक्यांच्या पानाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, “हे कुठलं?” पान ओळखीचं होतं, डिफेनबेकिया. मी नाव कळवलं, वर उजेड किती लागतो, पाणी किती दिवसांनी द्यायचं, हेही मन लावून लिहिलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: “मुलानं चावलंय. विषारी आहे का?” मी ती दहा मिनिटं उजेडाबद्दल लिहिण्यात घालवली होती. मुलाचे ओठ सुजले, रडारड झाली, पण तो लवकर बरा झाला. मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली. पान ज्या जातीचं दिसतंय ती तोंडात गेली तर त्रास देणारी असेल, तर नावासोबतच विचारायचं: “कुणी चावलं किंवा खाल्लं तर नाही ना?”

डिफेनबेकियाच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावताच ते जीभ आणि ओठांत टोचतात, आग होते, लाळ गळते, सूज येते. तोंडातला चोथा ओल्या कापडानं पुसून काढावा, चूळ भरावी, थंड पाणी घोट घोट द्यावं आणि उलटी मुद्दाम करवू नये. गिळता येत नसेल, आवाज बसला असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट दवाखाना. कण्हेरीची गोष्ट याहून गंभीर आहे. तिच्या पानातले घटक हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, म्हणून तिथे लक्षणं दिसायची वाट बघायचीच नाही. मांजर असलेल्या घरात लिलीचंही तसंच. खऱ्या लिलीचं पान किंवा नुसते परागकण पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

अशा वेळी फोटोवरून नाव पक्कं करत बसणं हाच धोका असतो. पान तोंडात गेलंय असं कळलं, की उत्तर दोन ओळींचं असावं: दवाखान्यात किंवा पशुवैद्याकडे फोन करा, आणि जाताना त्या झाडाची पानासकट एक फांदी पिशवीत घालून न्या. ओळख पटवायचं काम तिथेही होऊ शकतं, वाटेत वाया गेलेला वेळ परत येत नाही.

याच कारणासाठी माझा दुसरा एक नियम आहे. फोटोत पानं जुडीनं ठेवलेली असतील, धुतलेली दिसत असतील, वाटीत किंवा चाळणीत असतील, तर तो माणूस ती खाणार आहे, उकळून पिणार आहे किंवा अंगाला लावणार आहे असं मी धरून चालते. एका पानाच्या फोटोवरून “हो, खा” असं मी कधीच सांगत नाही. नाव बरोबर ओळखलंय असं वाटत असलं तरी नाही. ओळख चुकण्याची शक्यता थोडीशीच असली, तरी चुकलं तर भोगायचं समोरच्याला असतं.

फोटोच अर्धा प्रश्न सांगतो

घाईचं काही नाही असं वाटलं की मी शब्द बाजूला ठेवते आणि फोटो नीट बघते. पानाकडे तर बघतेच, पण फोटो कसा काढलाय तेही बघते.

पान तोडून टेबलावर ठेवलंय म्हणजे माणसाला ते पान बारकाईनं दाखवायचंय, झाड दाखवायचं नाहीये. बहुतेकदा डाग किंवा रंग हा मुद्दा असतो. पान झाडावरच आहे, मागे रस्ता किंवा कुंपण दिसतंय, तर झाड त्याचं नसतं आणि त्याला बहुधा नाव हवं असतं. पान उलटं धरून खालची बाजू दाखवली असेल, तर त्यानं तिथे काहीतरी हलताना किंवा चिकटलेलं पाहिलेलं असतं, मग विषय किडीचा. बोटानं एका जागी खूण केली असेल, तर बाकीच्या पानाबद्दल बोलायची गरज नाही. संपूर्ण कुंडी छान उजेडात, मधोमध, पार्श्वभूमी आवरून काढलेली असेल, तर बरेचदा ते कौतुकासाठी असतं. अशा फोटोला खताचा सल्ला दिला तर समोरचा हिरमुसतो. माझ्याकडून तेही झालंय.

फोटो पुढे पाठवलेला आहे का, हेही बघावं. कितीतरी वेळा फोटो पाठवणाऱ्याची मावशी, मित्र किंवा शेजारी खरा प्रश्नकर्ता असतो. मधल्या माणसाला तुम्ही कितीही प्रश्न विचारा, त्याला काही ठाऊक नसतं आणि तो अंदाजानं उत्तरं देतो. ती अंदाजाची उत्तरं खरी धरून दिलेला सल्ला हमखास चुकतो. म्हणून “झाड तुमच्याकडेच आहे का?” हा प्रश्न अशा वेळी सगळ्यात आधी. शिवाय फोटो पाठवताना ॲप तो लहान करतं आणि बारीक तपशील पुसले जातात. लाल कोळी या किडीमुळे पानावर पडलेली बारीक टिंबं आणि धुळीचे कण यांतला फरक अशा फोटोत दिसत नाही.

रंगावर फार भरवसा ठेवू नये. पिवळ्या बल्बखाली निरोगी पानही आजारी दिसतं, आणि सावलीत काढलेल्या फोटोत निळसर झाक येऊन खरा पिवळेपणा झाकला जातो. यावर उपाय सोपा आहे. पानामागे कोरा पांढरा कागद धरून दिवसाउजेडी फोटो मागवायचा. कागद पांढरा दिसतोय तर पानाचा रंगही खरा. कागदच पिवळा दिसत असेल, तर पानाचा पिवळेपणा तेवढा वजा करायचा.

एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न

आता विचारायची वेळ येते, आणि जाणकार माणसं इथेच घोळ घालतात. ती एकदम आठ प्रश्न पाठवतात: झाड कोणतं, किती वर्षांचं, ऊन किती तास, पाणी कधी, खत कुठलं, माती कशी, कुंडीला भोक आहे का, फवारणी केली होती का. प्रश्न सगळे बरोबर असतात. पण ज्यानं एक शब्द लिहिलाय, तो आठ उत्तरं लिहिणार नाही. तो “बघतो” म्हणेल आणि गप्प होईल.

एका शब्दात विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारावा. “काय झालंय?” असं विचारलं तर त्याला पुन्हा ते शब्द शोधावे लागतात जे त्याच्याजवळ नव्हतेच. त्याऐवजी मी दोन पर्याय समोर ठेवते: “नाव हवंय, की काही बिघडलंय म्हणून दाखवताय?” याचं उत्तर “नाव” किंवा “बिघडलंय” असं येतं, आणि एका फटक्यात निम्म्या शक्यता निघून जातात. तिसरंच काही असेल तर लोक तेही सांगतात, कारण दोन चुकीचे पर्याय वाचले की माणसाला आपलं म्हणणं आपोआप सुचतं.

प्रश्नाच्या आधी मला फोटोत काय दिसतंय ते मी एका वाक्यात लिहिते. “शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतोय” किंवा “टोकाला तपकिरी, बाकी पान ठीक वाटतंय.” यामुळे समोरच्याला कळतं की तुम्ही खरंच पाहिलंय. आणि त्याला चूक सुधारायची संधी मिळते. “नाही हो, ते बल्बमुळे तसं दिसतंय, मला ते खालचं पांढरं दाखवायचं होतं,” असं उत्तर मला कितीतरी वेळा आलंय. मी न सांगता पिवळेपणावर लिहीत बसले असते, तर तासभर आम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहिलो असतो.

आणि एक प्रश्न असा आहे, जो रोग, कीड, खत या सगळ्याच्या वर बसतो: “यावर तुम्ही आता काय करायचं ठरवताय?” लोकांच्या मनात बहुतेकदा एक कृती तयारच असते. छाटू का, टाकून देऊ का, फवारू का, दुसरीकडे हलवू का. ती कृती कळली की किती खोलात जायचं ते आपल्याला कळतं. हा प्रश्न मी मोघम विचारत नाही, त्यालाही पर्याय जोडते: “ठेवावं की काढावं या विचारात आहात, की औषध शोधताय?”

एक फोटो, शेवटपर्यंत

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका उदाहरणानं सांगते.

एका बाईंनी पाठवलेल्या फोटोत तळहातावर ठेवलेलं लिंबाचं पान. शिरांची जाळी हिरवीगार, जाळीच्या मधला सगळा भाग फिका पिवळा. खाली “थॉट्स?”. पान तोडलेलं, म्हणजे बहुधा काही बिघडलंय. लिंबाचं पान तोंडात गेलं तरी घाबरण्यासारखं नाही, म्हणून तातडीचा प्रश्न मी सोडून दिला.

पान तोडल्यामुळे एक फार मोलाची माहिती हरवली होती: ते फांदीवर कुठे होतं. झाड काही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, जसं नत्र, पोटॅश, मॅग्नेशियम. ती कमी पडली की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातून काढून वर पाठवतं. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही. ते कमी पडलं की जुनी पानं हिरवी राहतात आणि टोकाची नवी पानं पिवळी निघतात. म्हणजे पान वरचं की खालचं, या एका उत्तरावर निदानाची दिशा बदलते. मी लिहिलं:

“शिरा हिरव्या, मधे पिवळं दिसतंय. हे पान फांदीच्या टोकाचं नवं होतं की खालचं जुनं?”

उत्तर आलं: “टोकाचं.”

उत्तर “खालचं” असं आलं असतं, तर मी मॅग्नेशियमचा विचार केला असता. लिंबाच्या जुन्या पानात त्याची खूण वेगळी असते, कडा पिवळ्या पडतात आणि देठाजवळ उलट्या व्हीच्या आकाराचा हिरवा भाग उरतो. इथे जाळी बारीक, पान नवं, त्यामुळे लोहाची कमतरता हा पहिला अंदाज. जस्त आणि मँगनीजही लिंबात अनेकदा सोबतच कमी पडतात, पण त्यानं पुढचं पाऊल बदलत नव्हतं.

आता बहुतेक जण इथे थांबून “लोह द्या” म्हणतात. पण मातीत लोह नसणं ही गोष्ट क्वचितच घडते. लोह मातीत भरपूर असतं, मुळांना ते घेता येत नाही. याची नेहमीची कारणं दोन. एक, मातीचा सामू, म्हणजे pH, 7 च्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं. जड, क्षारयुक्त पाणी सतत घातल्यानं कुंडीत हळूहळू असंच होतं. दोन, माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती काम करेनाशी होतात. कारण न काढता लोह दिलं, तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. म्हणून दुसरा प्रश्न:

“बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओलं लागतंय की कोरडं?”

“ओलं. खालच्या ताटलीत पण पाणी आहे.”

ताटलीबद्दल मी विचारलंच नव्हतं. पण प्रश्न सोपा असला, करून बघता येण्यासारखा असला, की माणूस उठून कुंडीपर्यंत जातो आणि आपणहून आणखी काही सांगतो. ताटलीत पाणी साचलंय म्हणजे मुळं खालून बुडालेली. कारण सापडलं असं मला वाटलं आणि मी उपाय लिहायला घेतला. मग आठवलं की तिला काय करायचंय ते मी अजून विचारलंच नव्हतं. विचारलं. उत्तर आलं:

“बाजूला संत्र्याची दोन रोपं आहेत. त्यांना लागेल का? हे टाकून देऊ?”

खरा प्रश्न हा होता. पहिल्या शब्दापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे संसर्ग. अन्नद्रव्याची कमतरता एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जात नाही, हे एक वाक्य तिला पहिल्या मिनिटाला हवं होतं.

पण ते वाक्य लिहिण्याआधी मी पुन्हा फोटोकडे गेले, कारण संत्रा-लिंबाच्या वर्गात एक जिवाणूजन्य रोग आहे, सिट्रस ग्रीनिंग, आणि त्याची पानं वरवर पाहता कमतरतेसारखीच दिसतात. तो सिला नावाच्या बारीक किडीमार्फत आणि रोगट झाडाच्या कलमांतून पसरतो आणि त्यावर झाड बरं करणारा उपाय नाही. फरक ओळखायला पानाची मधली शीर बघायची. कमतरतेत तिच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखी नक्षी असते, जणू आरशात पाहिल्यासारखी. ग्रीनिंगमध्ये पिवळे चट्टे वेडेवाकडे असतात, एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला वेगळंच, आणि ते शिरा ओलांडून जातात. तिच्या फोटोत दोन्ही बाजू सारख्या होत्या. तरी एका पानावर इतका मोठा निर्णय नको म्हणून मी आणखी तीन-चार पानांचा एकत्र फोटो मागितला, कागदावर ठेवून. सगळीकडे तीच सारखी जाळी. तेव्हा लिहिलं:

“हे पसरण्यातलं वाटत नाही. टाकू नका, संत्र्याची रोपं हलवायची गरज नाही. ताटलीतलं पाणी ओता, आणि यापुढे बोटाला वरची दोन पेरं कोरडी लागली की मगच पाणी द्या.”

पहिलं वाक्य तिच्या भीतीला, दुसरं निर्णयाला, तिसरं झाडाला. लोहाचं नाव मी त्या निरोपात घेतलंच नाही. आधी मुळं मोकळी होऊ द्यायची होती. तीन आठवड्यांनी नवी पालवी आली तर ती कशी आहे ते बघायचं, असं दुसऱ्या निरोपात सांगितलं. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यामुळे सुधारणा मोजायची ती नव्या पानांवर, हेही सांगितलं, नाहीतर आठवड्यानं “काहीच फरक नाही” असा निरोप आला असता. नवी पालवी पिवळीच निघाली तर चिलेटेड लोह द्यायचं, म्हणजे मुळांना घेता येईल अशा विरघळणाऱ्या रूपात बांधलेलं लोह. तेही पाकीट बघून, कारण ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की फारसं टिकत नाही. सामू 7 च्या वर असलेल्या मातीत ईडीडीएचए प्रकार चालतो.

या सगळ्याला चार प्रश्न लागले. प्रत्येकाचं उत्तर एका शब्दात देता येत होतं किंवा एक कृती करून कळत होतं. नीट केलं असतं तर तीन पुरले असते, कारण “काय करणार आहात” हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर विचारायला हवा होता.

नाव हवं असेल तेव्हा

नाव विचारणाऱ्याला वाटतं की पान दाखवलं म्हणजे झालं. पण पुष्कळदा तो पान दाखवतच नसतो, पानाचा तुकडा दाखवत असतो. कडुनिंब घ्या. त्याची ती लहानशी, दातेरी, जराशी वाकडी पाती म्हणजे पान नव्हे, ती पर्णिका. अशा अनेक पर्णिका एका लांब दांड्यावर दोन बाजूंनी लागतात आणि तो अख्खा दांडा मिळून एक पान होतं. बकाण निंबात तोच दांडा पुन्हा फांद्या फोडतो आणि त्या उपदांड्यांवर पर्णिका असतात. आता एकच पर्णिका तोडून पाठवली, तर कडुनिंब की बकाण हे सांगणं अवघड होतं. अख्खं पान दिसलं तर दुरूनही कळतं. आणि बकाणाची फळं विषारी असतात, त्यामुळे हा फरक नुसता नावापुरता नाही.

पान कुठून सुरू होतं ते ओळखायची खूण म्हणजे देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे कळी. खऱ्या पानाच्या देठाशी, तो फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे, बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. हे समजावत बसण्यापेक्षा मी एवढंच सांगते: “वीतभर फांदी दिसेल असा एक फोटो काढा, पानं जोडलेलीच राहू द्या.” त्यात पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, तेही कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं. फूल किंवा फळ असेल तर त्याचा वेगळा फोटो. मोजमापासाठी शेजारी बोट.

काहीच बिघडलेलं नसतं तेव्हा

“बिघडलंय” असं उत्तर आलं तरी बिघडलेलं असतंच असं नाही. नेच्याच्या पानाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात आणि माणसं घाबरून फोटो पाठवतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, नेच्याचा वंश त्यांतूनच वाढतो. खवले कीडही तपकिरी ठिपक्यांसारखी दिसते, पण ती शिरांच्या कडेनं कुठेही, विस्कळीत चिकटते आणि नखानं खरवडली की अख्खा खवला सुटून येतो. म्हणून प्रश्न: “ठिपके ओळीत आहेत की कुठेही?” उत्तर “ओळीत” आलं की पुढचं बोलणं मजेचं होतं.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचे थेंब दिसले तर तेही बहुधा आजाराचं नसतं. रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात, पानांतून वाफ फारशी निघत नाही, आणि जास्तीचं पाणी कडांच्या छिद्रांतून बाहेर येतं. चिकट असेल तर गोष्ट वेगळी. चिकटपणा म्हणजे मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड वर कुठेतरी बसलेली असते. “बोटाला चिकटतंय का?” एवढं विचारायचं.

पांढऱ्या पावडरीसारखं काही दिसलं, तरीही हातानंच कळतं. बोट फिरवल्यावर पुसलं गेलं आणि पुन्हा दोन-तीन दिवसांत आलं, तर भुरी हा बुरशीचा रोग. पुसलं आणि आलं नाही, तर धूळ किंवा पाण्यातल्या क्षारांचे डाग. पुसलंच जात नसेल आणि वळणावळणाची रेघ असेल, तर नाग अळी पानाच्या आत बोगदा काढतेय, आणि ती आत असल्यामुळे वरून पुसण्यात किंवा धुण्यात अर्थ नाही.

उत्तरच आलं नाही तर

कित्येकदा तुम्ही नेमका प्रश्न विचारता आणि समोरून काहीच येत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न विचारत नाही. तिला वेळ नसेल, पान टाकून दिलं असेल, किंवा प्रश्नाचं उत्तर माहीत नाही हे सांगायचा संकोच वाटला असेल. त्याऐवजी दोन वाटांचं उत्तर लिहून ठेवते, म्हणजे जेव्हा केव्हा ती निरोप उघडेल तेव्हा मला न विचारताही तिला पुढे जाता येईल. लिंबाच्या त्या फोटोला उत्तर आलं नसतं, तर मी असं लिहिलं असतं:

“टोकाची नवी पानं अशी असतील तर आधी कुंडीत पाणी साचतंय का ते बघा. खालची जुनी पानं अशी असतील तर मॅग्नेशियम कमी असू शकतं. मधल्या शिरेच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिसत असतील तर दुसरी झाडं लांब ठेवा आणि मला तीन-चार पानांचा फोटो पाठवा.”